हाक आणि ओ: गॉस्पेलच्या समूहगायनातून सोल गायकी कशी घडली? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोल ही आफ्रिकन अमेरिकन लोकांची गायकी गॉस्पेलमधून, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांतून आली. सोल म्हटलं की लोकांना आठवतो तो एकटा गायक: डोळे मिटलेले, घाम आलेला, एका अक्षरावर दहा वळणं घेणारा. माझं म्हणणं असं की त्या गायकाला समजून घ्यायचं तर कान त्याच्यामागे उभ्या असलेल्यांकडे लावावा. खालचे प्रश्न मित्रमंडळींत आणि ऐकण्याच्या बैठकांमध्ये पुन्हा पुन्हा निघालेले आहेत.

‘कॉल अँड रिस्पॉन्स’ म्हणजे मुख्य गायकाच्या मागून कोरसनं म्हणायचं, एवढंच ना?

तेवढंच असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. आपल्याकडे ‘हाकेला ओ देणं’ म्हणतात ना, तो शब्दप्रयोग इथे चपखल बसतो. हाक मारणारा मारतो, पण ओ आली नाही तर ती हाक अर्धीच राहते. आफ्रिकन अमेरिकन चर्चमधलं गाणं या अर्धेपणावर उभं आहे. मुख्य गायक ओळ मुद्दामच पुरी करत नाही किंवा शेवटची जागा मोकळी ठेवतो, आणि ती जागा भरणं हे बाकीच्यांचं काम असतं.

ओ साधारण तीन तऱ्हांची असते. पहिली म्हणजे आहे तशी ओळ परत म्हणणं. १९६९ साली अमेरिकेच्या पॉप यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेलं एडविन हॉकिन्स सिंगर्सचं ‘ओ हॅपी डे’ ऐका. डोरोथी मॉरिसन एक ओळ म्हणते, क्वायर म्हणजे मागचा गायकवृंद तीच ओळ परत करतो. दुसऱ्या तऱ्हेत गायक वाक्य सुरू करतो आणि क्वायर ते पुरं करतो. तिसरी मला सगळ्यांत रंगतदार वाटते. तिच्यात मागचे लोक गायकाच्या बोलण्यावर शेरा मारतात, दुजोरा देतात, कधी त्याला पुढे ढकलतात. सोलमध्ये ही तिसरी तऱ्हा फार कामी आली.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. ओ बहुतेकदा हाक संपायच्या आतच सुरू होते. गायकाचं शेवटचं अक्षर हवेत असतानाच क्वायर आत येतो, त्यामुळे दोन आवाज एकमेकांवर थोडे चढतात. हा चढ काढून टाकला, म्हणजे ‘आधी तुम्ही, मग आम्ही’ अशा शिस्तीत गायलं, तर गाणं शाळेतल्या पाढ्यांसारखं ऐकू येतं.

पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. मग यात नवीन काय?

जवळचं नातं वाटतं खरं, आणि ऐकायला सुरुवात करताना ते उपयोगीही पडतं. पण झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ बहुतेक एकाच सुरात आणि ठरलेल्या जागी येतं. गॉस्पेल क्वायरची ओ तीन वेगवेगळ्या सुरांत एकाच वेळी येते, आणि गाणं पुढे सरकतं तसे तिचे शब्द, उंची आणि जोर बदलत जातात.

ही पद्धत चर्चमध्ये आली कुठून?

दोन झरे एकत्र आले. एक आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या गाण्याचा: शेतात काम करताना एकानं उचलून द्यायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. दुसरा चक्क इंग्लंड-स्कॉटलंडच्या चर्चचा. तिथे सतराव्या शतकात पुस्तकं कमी होती आणि वाचता येणारी माणसंही कमी, म्हणून एकजण स्तोत्राची ओळ भरभर म्हणून दाखवायचा आणि मग सगळी मंडळी ती संथपणे गायची. याला ‘लाइनिंग आउट’ म्हणतात. अमेरिकेत बहुतेक गोऱ्या चर्चनी पुस्तकं आल्यावर ही रीत सोडली, पण कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळींनी ती धरून ठेवली. आयझॅक वॉट्स या इंग्रज स्तोत्रकाराच्या नावावरून त्या गाण्यांना ‘डॉक्टर वॉट्स’ असंच म्हणू लागले. त्या संथ गाण्यात प्रत्येकजण मूळ सुराभोवती स्वतःची वळणं घेतो. सोलमधल्या लांबलचक, वळणावळणाच्या अक्षरांचं एक मूळ इथे आहे.

आज आपण ज्याला गॉस्पेल म्हणतो ते मात्र विसाव्या शतकातलं, शहरातलं आहे. शिकागोत थॉमस डॉर्सी हा आधी ‘जॉर्जिया टॉम’ नावानं ब्लूजचा पियानो वाजवायचा. १९३२ साली बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून त्यानं ‘प्रेशस लॉर्ड’ हे गाणं केलं. ब्लूजची चाल आणि ठेका चर्चमध्ये आणणारा आणि त्यासाठी चर्चमध्ये खास गॉस्पेल क्वायर उभे करणारा प्रमुख माणूस हाच.

गॉस्पेल क्वायरची हार्मनी इतर क्वायरपेक्षा वेगळी का वाटते?

हार्मनी म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून गाणं. युरोपीय पद्धतीचा क्वायर चार आवाजांत गातो, वरून खाली: सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. गॉस्पेल क्वायर बहुधा तीनच आवाजांत गातो. बेसची वेगळी ओळ नसते. जड आवाजाचे पुरुष टेनरची ओळच जमेल तशी गातात, आणि खालची बाजू हॅमंड ऑर्गनचे पाय, बेस गिटार आणि पियानोचा डावा हात सांभाळतात. त्यामुळे माणसांचे आवाज वरच्या पट्ट्यात, एकमेकांना खेटून राहतात. चकाकी येते ती तिथून.

आपल्या सुरांत सांगतो. एकदम लावलेले सूर म्हणजे कॉर्ड, आणि मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प. टेनरला सा, आल्टोला ग, सोप्रानोला प. आता चाल एक पायरी वर गेली की तिघंही एकत्र, एकाच दिशेनं वर सरकतात. युरोपीय हार्मनी शिकवणारे मास्तर अशा समांतर चालीवर लाल रेघ ओढतील, कारण तिथे प्रत्येक आवाजानं स्वतंत्र वाट चालावी अशी अपेक्षा असते. गॉस्पेलमध्ये मात्र सगळ्यांनी मिळून एकच जाड आवाज व्हावं ही इच्छा असते. तीन सूर असलेला, पण एकाच माणसासारखा बोलणारा आवाज.

शिकवणंही कानानं होतं. दिग्दर्शक टेनरची ओळ गाऊन दाखवतो, टेनर ती म्हणतात, मग आल्टो, मग सोप्रानो, मग तिन्ही एकत्र. हातात कागद नसतो म्हणून डोळे दिग्दर्शकाच्या हातावर असतात. पुढच्या उत्तरातली गोष्ट याशिवाय शक्यच झाली नसती.

‘व्हॅम्प’ म्हणजे काय आणि त्यात एवढं काय आहे?

गाण्याचं कडवं-धृपद झालं की शेवटाकडे एक लहानसा तुकडा पकडायचा, दोन-चार शब्दांचा, आणि तो फिरवत राहायचा. हा व्हॅम्प. किती वेळा फिरवायचा ते आधी ठरलेलं नसतं. खोलीतल्या माणसांकडे बघून ठरतं.

समजा तुकडा तीन शब्दांचा आहे. सुरुवातीला सगळे एकाच सुरात म्हणतात. मग दिग्दर्शक खूण करतो आणि तिन्ही आवाज वेगळे होतात: टेनर सा, आल्टो ग, सोप्रानो प. चार-सहा फेऱ्यांनंतर हात वर उचलण्याची खूण येते. कॉर्ड तोच, पण प्रत्येक आवाज त्याच्यातल्या पुढच्या सुरावर चढतो: टेनर ग, आल्टो प, सोप्रानो वरचा सा. अजून एकदा हात वर, की टेनर प, आल्टो वरचा सा, सोप्रानो वरचा ग. सूर नवा एकही नाही, शब्द तेच, पण छत दोनदा उचललं गेलेलं असतं. मध्येच वाद्यं थांबवून नुसत्या टाळ्यांवर गाणं चालवता येतं. कधी सगळी पट्टीच अर्ध्या सुरानं वर चढवतात.

हे फसतं कुठे, तर घाईत. पहिल्या दोन फेऱ्यांतच सोप्रानो वरच्या ग वर पोहोचले तर पुढे जायला जागा उरत नाही, मग फक्त आरडाओरडा वाढतो. शिवाय मूळ पट्टी उंच निवडली असेल तर तिसऱ्या पायरीवर टेनरचे गळे आवळतात आणि कॉर्डचा तळच खचतो. म्हणून जाणता दिग्दर्शक पट्टी ठरवताना गाण्याच्या पहिल्या ओळीचा विचार न करता व्हॅम्पच्या शेवटच्या पायरीचा करतो.

क्वायर इतकं करतो, मग मुख्य गायकाला काम काय?

मोकळं राहण्याचं. क्वायरनं जमीन धरून ठेवलेली असते म्हणून तो ठेक्याच्या मागे रेंगाळू शकतो, बोलू शकतो, किंचाळू शकतो. क्वायर शुद्ध ग धरून असताना तो त्यावर कोमल ग घासतो. कागदावर हे बेसूर, कानाला मात्र पोटात कालवाकालव करणारं. एकटा गाणारा माणूस हे करू गेला तर लोकांना तो चुकला असं वाटेल. मागे भक्कम शुद्ध ग असतो म्हणूनच कोमल ग दुखरा लागतो.

गॉस्पेल क्वार्टेट, म्हणजे चौघांच्या गायकमंडळींनी यात आणखी एक भर घातली. सोल स्टिरर्स या मंडळीत आर. एच. हॅरिसच्या काळात दोन मुख्य गायक ठेवण्याची रीत रुळली. पहिल्यानं कथा शांतपणे सांगायची, दुसऱ्यानं ती उचलून पेटवायची. चार आवाजांच्या हार्मनीला धक्का न लावता हे करायचं म्हणून क्वार्टेटमध्ये पाच माणसं आली. नाव मात्र क्वार्टेटच राहिलं!

हे सगळं चर्चच्या बाहेर कोणी आणि कसं नेलं?

एकट्यानं नाही, पण रे चार्ल्सचं उदाहरण सगळ्यांत स्पष्ट आहे. १९५४ मध्ये त्यानं ‘आय गॉट अ वुमन’ रेकॉर्ड केलं. त्याची चाल सदर्न टोन्स या मंडळीच्या त्याच वर्षीच्या येशूवरच्या गाण्यावर बेतलेली होती. देवाच्या जागी बाई आली. त्या रेकॉर्डवर मागे गाणाऱ्या बायका नाहीत, जागा भरण्याचं काम सॅक्सोफोन करतात. म्हणजे हाक चर्चमधून बाहेर आली होती, पण ओ देणारे आवाज अजून यायचे होते.

ते आले आणि रेलेट्स या नावानं त्याच्याबरोबर गाऊ लागले. डिसेंबर १९५८ मध्ये पेनसिल्वेनियातल्या ब्राउन्सविल गावी कार्यक्रम चालू होता. ठरलेली गाणी संपली आणि वेळ मात्र उरला. रेनं वादकांना आणि गायिकांना सांगितलं की मी काहीतरी करतो, तुम्ही माझ्यामागून या. तो जे म्हणेल ते बायका परत करू लागल्या. त्यातून ‘व्हॉट्ड आय से’ झालं आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये रेकॉर्ड झालं. साडेसहा मिनिटांच्या आसपासचं हे गाणं डिस्कच्या दोन बाजूंवर तोडून बसवावं लागलं. त्याचा दुसरा भाग म्हणजे निव्वळ व्हॅम्प आहे. शब्दसुद्धा गळून पडतात, रे नुसता कण्हतो आणि बायका तसंच कण्हून उत्तर देतात. काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. चर्चमध्ये तोच हुंकार अंगात आल्यासारखा वाटला असता. रेडिओवर श्रोत्यांना त्याचा दुसराच अर्थ लागला.

चर्चमधल्या लोकांना हे खपलं का?

फारसं नाही, आणि गायकांनाही ते माहीत होतं. सोल स्टिरर्समधला सॅम कुक १९५६ मध्ये पहिल्यांदा ऐहिक गाणं गायला तेव्हा रेकॉर्डवर नाव छापलं ‘डेल कुक’. गाणं होतं ‘लव्हेबल’, म्हणजे त्याच्याच मंडळीच्या ‘वंडरफुल’ या धार्मिक गाण्याचं नवं रूप. नाव बदललं तरी गळा कसा लपणार? पुढच्या वर्षी ‘यू सेंड मी’ आलं आणि त्याचा मार्ग ठरून गेला.

त्याचं १९६२ चं ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’ मी नव्या श्रोत्यांना आवर्जून ऐकवतो. मागे लू रॉल्स गातो. तोही गॉस्पेल क्वार्टेटमध्ये तयार झालेला. ओळीच्या शेवटी सॅम ‘येऽ’ म्हणतो, लू ‘येऽ’ म्हणतो, पुन्हा सॅम, पुन्हा लू. शब्दांत काहीच अर्थ नाही. तरी परत ये म्हणून विनवणाऱ्या माणसाच्या शेजारी त्याचा एक मित्र उभा आहे असं वाटायला लागतं. पूर्ण क्वायर नाही, एकच माणूस, पण ओ ती ओच.

एखादं गाणं उकलून दाखवाल का?

अरेथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ घेऊ. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कला अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, १९६५ चं. ओटिसच्या गाण्यात ओ देण्याचं काम मुख्यतः ब्रास वाद्यं करतात, माणसांचे आवाज ‘हे हे हे’ एवढ्यापुरतेच. घरी दमून आलेला पुरुष मान मागतो आहे आणि तो एकटाच आहे.

अरेथा डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाढली. वडील तिथले नामांकित पास्टर. तिनं गाण्याची चाल फारशी मोडली नाही, ओ देणारे आणले: बहिणी कॅरोलिन आणि अर्मा. आता क्रमानं ऐका. पहिल्या ओळींमागे त्या नुसतं ‘ऊऽ’ म्हणतात, म्हणजे फक्त हजेरी लावतात. मग अरेथा थोडासा मान हवा असं म्हणते आणि बहिणी लगेच ‘जस्ट अ लिटिल बिट’ म्हणत आत येतात, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ही वर सांगितलेली तिसरी तऱ्हा. अरेथा मागते आहे आणि मागच्या म्हणतात, ‘थोडासाच तर मागतेय!’ विनंतीचं आर्जव संपतं, टोमणा सुरू होतो. समोरचा पुरुष आता एका बाईशी बोलत नाहीये, तिच्या घरच्या सगळ्या बायका दारात उभ्या आहेत.

मध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येऊन जातो. नंतरच्या कडव्यात बहिणी ‘रि-रि-रि-रि’ करतात. अरेथाचं घरगुती नावही ‘री’, त्यामुळे शब्दाचा तुकडा आणि हाक दोन्ही एकत्र. मग वाद्यं थांबतात आणि अरेथा ‘रिस्पेक्ट’ची अक्षरं एकेक करून सुटी मोजते. व्हॅम्पमध्ये दिग्दर्शक वाद्यं थांबवतो तीच ही युक्ती. वाद्यं परत येतात तेव्हा बहिणींचं ‘सॉक इट टू मी’ ठेक्यावर धडाधड कोसळतं. हजेरी, टोमणा, नाव, आणि मग मारा. अडीच मिनिटांच्या आत ओनं चार रूपं घेतली.

आणि शेवटी काय होतं? आवाज हळूहळू बारीक करून गाणं मिटवलं जातं. सोलच्या बऱ्याच रेकॉर्ड अशा विरत जातात. मला त्यात नेहमी व्हॅम्प ऐकू येतो. त्याला खरा शेवट नसतो, तो खोलीतल्या माणसांनी ठरवायचा असतो, आणि रेकॉर्डवर खोलीच नाही.

सोलमध्ये पन्नास जणांचा क्वायर तीन बायकांवर का आला?

पैसा आणि जागा ही साधी कारणं झाली. पण तीन आवाज पुरले याचं संगीतातलं कारणही आहे. क्वायर मुळातच तीन ओळींचा होता, त्यामुळे प्रत्येक ओळीला एक बाई ठेवली तरी कॉर्ड पुरा राहतो. सिसी ह्यूस्टनच्या स्वीट इन्स्पिरेशन्ससारख्या मंडळी चर्चमध्येच तयार झालेल्या. त्यांना कागद द्यावा लागत नसे, मुख्य गायिकेनं ओळ म्हटली की कोणी कुठला सूर घ्यायचा हे त्यांच्या कानात बसलेलं असे.

परत चर्चमध्ये गेलेली सोल ऐकायची असेल तर?

जानेवारी १९७२. अरेथा सोलची राणी झालेली होती. १३ आणि १४ तारखेला लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिनं ‘अमेझिंग ग्रेस’ हा अल्बम थेट लोकांसमोर रेकॉर्ड केला. पियानोवर जेम्स क्लीव्हलँड, मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, दिग्दर्शक अलेक्झांडर हॅमिल्टन. शीर्षकगीत दहा मिनिटांच्या वर आहे. तिथे ठेका जवळजवळ नाही, जुन्या ‘डॉक्टर वॉट्स’सारखं एकेक अक्षर ताणलेलं. क्वायरपेक्षाही लोकांचा आवाज ऐका. ती अक्षराला नवं वळण देते आणि बाकांवरून कोणीतरी ओरडून पावती देतो. ती क्षणभर थांबते, तो आवाज ऐकते, आणि पुढचं वळण आणखी लांब घेते. ओ मिळाल्यामुळे हाक बदलली.

आमचा क्वायर गॉस्पेल गातो पण ते प्रार्थनेच्या स्तोत्रासारखंच वाटतं. चूक कुठे होते?

चार आवाजांत शिकलेल्या चांगल्या क्वायरचं नेमकं हेच होतं. बहुतेकदा बेस स्वतःची ओळ गात राहतात आणि ती वाद्यांच्या बेसला धडकून सगळं गढूळ होतं. त्यांना टेनरच्या ओळीवर आणा. दुसरं, सोप्रानो डोक्यातल्या गोल, नाजूक आवाजात गातात, तिथे बोलण्यासारखा छातीतला आवाज हवा. मग पट्टी एखाद-दोन सुरांनी उतरवावी लागेल, ती उतरवा. तिसरं, ओ उशिरा येते. मुख्य गायकाचा श्वास संपायची वाट बघू नका, शेवटच्या अक्षरावरच आत या. रेकॉर्ड करून ऐका. हाक आणि ओ यांच्यात शांतता ऐकू आली तर उशीर झालाय.

टाळी कुठे द्यायची?

चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या-तिसऱ्यावर दिली तर शेजारचा माणूस हसेल, पण सांगणार नाही.